आधी सांगितलेलं की मागून मागितलेलं?

आजचा विषय वरवर अगदी फुटकळ आहे. समजा, एका विमा कंपनीच्या साइटवर उजव्या कोपऱ्यात ती नेहमीची चॅटची खिडकी आहे. खिडकीमागे एक भाषा-मॉडेल बसलंय. कंपनीच्या डेव्हलपरने त्याला आधीच एक सूचना देऊन ठेवली आहे, जी ग्राहकाला कधीच दिसत नाही. मग ग्राहक येतो आणि आपलं मागणं टाइप करतो. मॉडेलच्या हातात पडतं ते साधारण असं:

```
system: तुम्ही ग्राहक मदतनीस आहात.
        साधा मजकूर लिहा. मार्कडाउन वापरू नका.
user:   तिन्ही पॉलिसींची तुलना टेबलमध्ये द्या.
```

आता बोला. टेबल द्यायचं की नाही? डेव्हलपर म्हणतो साधा मजकूर, ग्राहक म्हणतो टेबल. दोघंही शहाणे, दोघांचंही म्हणणं रास्त. यात कुणी कुणाला फसवत नाहीये, कुठलंही गुपित बाहेर पडत नाहीये. प्रश्न फक्त मांडणीचा आहे. आणि मला वाटतं म्हणूनच तो जास्त अवघड आहे. "बॉम्ब कसा बनवायचा" या प्रश्नाला नाही म्हणायचं हे ठरवायला फार विचार लागत नाही. टेबलाला नाही म्हणायचं का, याला लागतो.

गंमत म्हणजे आपल्या धंद्यात हे भांडण नवीन नाही. हेच्च भांडण, जवळजवळ याच शब्दांत, १९९४ ते १९९८ या चार वर्षांत एकदा लढून झालंय. तेव्हा रणांगण होतं वेब पेज आणि प्रश्न होता: पान कसं दिसावं हे कोण ठरवणार, पान लिहिणारा की वाचणारा?

१० ऑक्टोबर १९९४ ला होकोन व्युम ली या नॉर्वेच्या माणसाने सर्नमध्ये काम करत असताना एक प्रस्ताव मांडला. आज आपण ज्याला सीएसएस म्हणतो त्याची ही पहिली कुंडली. त्यातला 'कॅस्केडिंग' हा शब्द आपण रोज वापरतो पण त्याचा अर्थ विसरून गेलोय. धबधब्यासारखं एकावर एक पडणारं काय, तर वेगवेगळ्या लोकांच्या सूचना. ब्राउझरच्या, वाचकाच्या, लेखकाच्या. त्या एकमेकींशी भांडणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. आणि भांडण सोडवायला त्याने काय सुचवलं होतं बघा:

```
h1.font.size = 24pt 100%
h2.font.size = 20pt 40%
```

शेवटचा तो टक्का म्हणजे "या बाबतीत मला इतकं वजन हवंय" अशी मागणी. पहिल्या मथळ्याबद्दल मी ठाम आहे, दुसऱ्याबद्दल माझं चाळीस टक्केच म्हणणं आहे, उरलेलं दुसऱ्या कुणाला घेऊ दे. कल्पना इतकी गोड आहे की ती टिकणार नाही हे वाचतानाच कळतं. अक्षराच्या आकाराची सरासरी काढता येईल एक वेळ, पण फॉन्टची कशी काढणार? चाळीस टक्के हेल्वेटिका आणि साठ टक्के टाइम्स म्हणजे नक्की काय? तरी त्यामागचा विचार मात्र मला फार आवडतो. सूचना देणाऱ्याने नुसती सूचना द्यायची नाही, ती किती जोराने देतोय तेही सांगायचं.

१७ डिसेंबर १९९६ ला सीएसएस-१ अधिकृत झालं तेव्हा टक्के गेले होते आणि त्याजागी एक सरळ नियम आला होता. लेखकाचा शब्द वाचकाच्या शब्दावर भारी. वाचकाला स्वतःची स्टाइलशीट ठेवता येते, पण भांडण झालं तर लेखक जिंकणार. कुणाला एखादी गोष्ट फारच महत्त्वाची वाटत असेल तर त्याने पुढे `!important` लिहावं. वाचकाचं `!important` हे लेखकाच्या साध्या नियमाला हरवतं. आणि दोघांनीही `!important` लिहिलं तर? तर १९९६ च्या नियमाप्रमाणे पुन्हा लेखकच जिंकतो.

आता विचार करा, ज्याला कमी दिसतं असा माणूस आहे. त्याला काळ्यावर पिवळी, मोठी अक्षरं लागतात. ती हौस नाही, त्याशिवाय त्याला वाचताच येत नाही. त्याने आपल्या ब्राउझरमध्ये तसं `!important` लिहून ठेवलंय. आणि पलीकडे कुणी डिझायनर आहे ज्याला फिकट करड्या रंगातली नऊ पॉइंटची अक्षरं फार देखणी वाटतात आणि त्यानेही `!important` ठोकून दिलंय. (असे डिझायनर आपण सगळ्यांनीच पाहिलेत.) १९९६ च्या नियमाने डिझायनरची हौस जिंकते आणि वाचकाची गरज हरते.

१२ मे १९९८ ला सीएसएस-२ आलं आणि त्यात ही एकच गोष्ट उलटी केली गेली. साध्या नियमात लेखकच वरचढ राहिला, पण `!important` विरुद्ध `!important` असेल तर वाचक जिंकणार. कारणही तिथेच लिहिलंय: ज्यांना मोठी अक्षरं किंवा ठरावीक रंगसंगती लागते त्यांच्या हातात पान राहावं म्हणून. मागच्या आवृत्तीपेक्षा हा अर्थाचा बदल आहे, असंही स्पष्ट नोंदवून ठेवलंय. म्हणजे शेवटी उत्तर "लेखक" असंही निघालं नाही आणि "वाचक" असंही नाही. ते निघालं "कोण, किती जोराने आणि कशासाठी" असं.

असो. आता पंचवीस वर्षं पुढे येऊ.

१ मार्च २०२३ ला ओपनएआयने चॅटजीपीटीमागचं मॉडेल एपीआयमधून सगळ्यांना खुलं केलं. त्याआधी मॉडेलला नुसता एक लांबलचक मजकूर द्यायचा असे आणि ते पुढचा मजकूर लिहायचं. आता मजकुराला भूमिका आल्या: `system`, `user` आणि `assistant`. डेव्हलपरने `system` मध्ये आपली सूचना ठेवायची, वापरणाऱ्याचं बोलणं `user` मध्ये जायचं. दिसायला अगदी सीएसएससारखी व्यवस्था, लेखक वेगळा आणि वाचक वेगळा.

पण एक फार मोठा फरक होता आणि तो समजल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. ब्राउझरमध्ये दोन नियम भांडले की ब्राउझर अक्षरशः यादी लावतो. कोणाचा नियम, महत्त्वाचा आहे का, किती नेमका आहे, मागून आला का. उत्तर दरवेळी तेच येणार, आजही आणि उद्याही. भाषा-मॉडेलमध्ये अशी यादी लावणारं कुणीच नसतं. `system` काय आणि `user` काय, मॉडेलच्या दृष्टीने सगळा एकच सलग मजकूर आहे, मध्येमध्ये काही खास खुणा घातलेला. त्या खुणेनंतरच्या मजकुराला जास्त मान द्यायचा, हे कुठल्याही `if` मध्ये लिहिलेलं नाही. ते मॉडेलला उदाहरणं दाखवून दाखवून शिकवावं लागतं. मुलांना "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये" शिकवतो तसं. आणि शिकवलेलं सगळ्याच मुलांच्या सारखंच लक्षात राहतं असं नाही :-)

सुरुवातीला तर ते धड शिकवलेलंही नव्हतं. `gpt-3.5-turbo-0301` या पहिल्या मॉडेलबद्दल ओपनएआयच्या स्वतःच्या दस्तऐवजातच लिहिलं होतं की हे मॉडेल सिस्टिम संदेशाकडे फारसं लक्ष देत नाही, तेव्हा महत्त्वाची सूचना `user` मध्ये टाकलेली बरी. म्हणजे लेखकासाठी वेगळी खोली बांधली, आणि दारावर पाटी लावली की इथून हाक मारलीत तर ऐकू येईलच असं नाही.

जुलै २०२३ मध्ये मेटाचं लामा-२ आलं. त्याच्या शोधनिबंधात एक छोटा भाग आहे तो या विषयासाठी फार मोलाचा आहे. त्यांना दिसलं काय, तर सुरुवातीला "नेहमी इमोजीत उत्तर दे" असं सांगितलं की मॉडेल एक-दोन उत्तरं इमोजीत देतं आणि मग विसरून साध्या वाक्यांवर येतं. इथे तर भांडणसुद्धा नाही, वापरणाऱ्याने उलट काही मागितलेलंच नाही. नुसतं संभाषण पुढे सरकलं आणि पहिली सूचना विरून गेली. त्यावर त्यांनी उपाय केला तो असा: आधी प्रत्येक प्रश्नाला ती सूचना चिकटवून उत्तरं तयार करून घेतली, मग पहिली सोडून बाकी सगळ्या प्रश्नांवरून सूचना काढून टाकली, आणि हे नमुने मॉडेलला शिकवले. सूचना एकदाच दिसते पण उत्तरं शेवटपर्यंत पाळताना दिसतात. त्याला त्यांनी 'घोस्ट अटेन्शन' असं झकास नाव दिलं. आपल्याकडे बहुधा "कानात राहिलेलं" म्हणालो असतो.

तरीही "लक्षात राहणं" आणि "भांडणात कोण जिंकणार" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याला पहिलं सरळ उत्तर एप्रिल २०२४ मध्ये आलं. ओपनएआयच्या एरिक वॉलेस आणि सहकाऱ्यांनी 'सूचनांची उतरंड' मांडली. सर्वात वर सिस्टिमची सूचना, मग वापरणाऱ्याची, आणि सर्वात खाली वेब पेजमधून वगैरे आलेला मजकूर. पुढच्याच महिन्यात, मे २०२४ मध्ये, कंपनीने मॉडेलने कसं वागावं याचा एक जाहीर दस्तऐवज काढला. त्यात प्लॅटफॉर्म, डेव्हलपर, वापरणारा, टूल अशी क्रमवारी लावून दिली.

चला, मिटलं! डेव्हलपर वर, ग्राहक खाली, टेबल नाही.

थांबा जरा. त्या एप्रिलच्या निबंधात एक उदाहरण आहे. सिस्टिममध्ये सांगितलंय की तू गाड्या विकणारा मदतनीस आहेस. ग्राहक म्हणतो "स्पॅनिशमध्ये बोल". हे ऐकायचं, असं निबंध म्हणतो, कारण ते वरच्या सूचनेच्या उद्देशाशी जुळतं. दुकानदाराला गाड्या विकायच्या आहेत, स्पॅनिशमध्ये विकल्या तर त्याचं काही बिघडत नाही. पण ग्राहक म्हणाला "आता तू माळी हो", तर ते ऐकायचं नाही. म्हणजे वरचा-खालचा हा प्रश्न येतो फक्त खरोखरची टक्कर असेल तेव्हा. आणि टक्कर खरी आहे की नाही हे वरच्या सूचनेच्या शब्दांवरून नाही, तिच्या हेतूवरून ठरतं.

आता आपल्या विमावाल्याकडे परत या. "मार्कडाउन वापरू नका" यामागचा हेतू काय? दोन शक्यता आहेत आणि त्या दोन्ही त्या एका वाक्यात मावतात.

पहिली शक्यता: डेव्हलपरला सुटसुटीत दिसणारी उत्तरं हवी होती. दर उत्तरात ठळक अक्षरं, ठिपक्यांच्या याद्या, मथळे येत होते, ग्राहक वैतागले, म्हणून त्याने लिहिलं की साधा मजकूर. ही आवड आहे, नेहमीसाठीची पद्धत आहे. अशा वेळी ग्राहकाने मुद्दाम टेबल मागितलं तर ते द्यावं. डेव्हलपर समोर असता तर त्यानेही "अहो द्या ना" असंच म्हटलं असतं.

दुसरी शक्यता: ती खिडकी मार्कडाउन दाखवूच शकत नाही. तिथे जे येईल ते जसंच्या तसं छापलं जातं. मग ग्राहकाला टेबल म्हणून काय दिसेल?

```
| पॉलिसी | हप्ता | प्रतीक्षा काळ | |---|---|---| | अ | ...
```

मोबाइलच्या रुंदीत हे बघायचं म्हणजे कुंपणाच्या फटींतून क्रिकेट बघण्यासारखं. ही आवड नव्हे, ही खिडकीची मर्यादा आहे. इथे ग्राहकाचं शब्दशः ऐकलं तर ग्राहकाचंच नुकसान होतं, त्याला तुलना हवी होती आणि मिळाल्या नुसत्या उभ्या रेघा. तेव्हा मॉडेलने काय करावं? इथे टेबल दिसणार नाही असं एका वाक्यात सांगावं आणि तीच तुलना तीन छोट्या परिच्छेदांत द्यावी. प्रत्येक पॉलिसीचं नाव, मग हप्ता, मग प्रतीक्षा काळ, तिन्ही ठिकाणी त्याच क्रमाने, म्हणजे डोळ्याला टेबलासारखं ताडून बघता येईल. नुसतं "मला टेबल देता येत नाही" म्हणून गप्प बसणं मला सगळ्यात वाईट उत्तर वाटतं. त्यात डेव्हलपरचाही फायदा नाही आणि ग्राहकाचाही.

लग्नातल्या पंगतीचं बघा. यजमानाने वाढप्यांना सांगितलंय की पानात आधी मीठ, लिंबू, मग कोशिंबीर. एखादा पाहुणा म्हणाला "कोशिंबीर नको हो", तर वाढपी यजमानाला विचारायला जात नाही, पुढे सरकतो. पण यजमानाने सांगितलंय की स्वयंपाकात कांदा-लसूण नाही आणि पाहुण्याने कांदा मागितला, तर वाढपी "आज नाहीये काका" म्हणतो आणि चटणी वाढतो. दोन्ही सूचना यजमानाच्याच. त्यातली कुठली वाकते आणि कुठली नाही, हे वाढप्याला कुणी सांगावं लागत नाही, कारण लहानपणापासून त्याने शंभर पंगती बघितल्यात.

मॉडेलने तुमची खिडकी कधीच बघितलेली नाही. ते मजकूर पाठवतं, पलीकडे तो कसा दिसतो हे त्याला कळत नाही. म्हणून "मार्कडाउन वापरू नका" या तीन शब्दांवरून त्याने ओळखायचं तरी काय? इथे मला त्या १९९४ च्या टक्केवारीची आठवण येते. डेव्हलपरने सूचना दिली, पण जोर सांगितला नाही. तो सांगायला आज टक्केही नकोत आणि `!important` ही नको, कारण हे मॉडेल मराठी वाचू शकतं! कारण लिहा की राव:

```
system: ही खिडकी मार्कडाउन दाखवू शकत नाही, चिन्हं तशीच
        छापली जातात. ग्राहकाने टेबल मागितलं तरी देऊ नका,
        त्याऐवजी प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत लिहा.
```

किंवा दुसऱ्या बाजूचं: "सहसा साधा मजकूर लिहा, ग्राहकाने वेगळी मांडणी मागितली तर चालेल." दोन्ही सूचना आधीच्यापेक्षा लांब आहेत, पण दोन्हींत भांडण कसं सोडवायचं ते भांडणाआधीच लिहिलेलं आहे. कामात पाहतो तर बहुतेक लोक याच्या उलट करतात. सूचना पाळली जात नाही असं दिसलं की तीच सूचना मोठ्या अक्षरांत लिहितात, मग दोनदा लिहितात, मग "कृपया" आणि "कोणत्याही परिस्थितीत" घालतात. जोर वाढतो, पण कारण काही कळत नाही. मग व्हायचं तेच होतं, मॉडेल नको तिथेसुद्धा ताठर होतं आणि ग्राहकाने साधे क्रमांक घालून पायऱ्या मागितल्या तरी देत नाही.

बरं, इतकं सगळं नीट लिहिलं तर उतरंड पाळली जातेच का? नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'कंट्रोल इल्यूजन' नावाचा एक निबंध आला. त्यांनी मुद्दाम फालतू वाटतील अशा टकरी लावल्या. सिस्टिम म्हणते सगळं मोठ्या लिपीत लिही, वापरणारा म्हणतो लहान लिपीत. एक म्हणतो इंग्रजी, दुसरा म्हणतो फ्रेंच. यांचं एक बरं असतं, कोण जिंकलं हे तपासायला माणूस लागत नाही, दोन ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. सहा नामांकित मॉडेलं तपासली, आणि इतक्या साध्या मांडणीच्या टकरीतही क्रमवारी सातत्याने पाळली जात नाही असं दिसलं. त्याहून मजेशीर म्हणजे, मॉडेलांचा काही प्रकारच्या मांडणीकडे मुळातच कल होता. सूचना वरून आली की खालून याच्याशी त्याचा संबंध नव्हता. थोडक्यात, कधी कधी डेव्हलपरही जिंकत नाही आणि ग्राहकही नाही, जिंकते ती मॉडेलची सवय.

ही सवय ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही सूचनांची अदलाबदल करा. जे `system` मध्ये होतं ते `user` मध्ये टाका आणि उलट. उतरंड खरी असेल तर उत्तरही उलटायला हवं. दोन्ही वेळा तेच आलं, तर तुमची सूचना पाळली गेली असं समजू नका, ती फक्त मॉडेलच्या आवडीशी जुळली होती. आणि हे पहिल्या उत्तरावर तपासून थांबू नका, पंधराव्या उत्तरावर बघा. लामावाल्यांना जे दिसलं ते आजही लांब संभाषणात दिसतं. वर त्यात एक भर पडते: मॉडेलने एकदा टेबल दिलं की ते टेबलसुद्धा त्या सलग मजकुराचा भाग होतं आणि पुढच्या उत्तरांना वळण लावतं. ग्राहकाने एकदाच टेबल मागितलं होतं, पण नंतर साधी "धन्यवाद, शाखेचा पत्ता सांगा" अशी विचारणा केली तरी पत्ता टेबलात येतो.

म्हणून खिडकीची मर्यादा खरीच मर्यादा असेल, तर ती मॉडेलवर सोडू नये असं माझं मत आहे. सूचनेत कारण लिहाच, पण उत्तर खिडकीत जायच्या आधी आपल्या कोडमध्ये मार्कडाउन तपासा. ओळ `|` ने सुरू होत असेल तर ते टेबल आहे, ते ओळींमध्ये मोडा, दुहेरी चांदण्या काढून टाका. उत्तर दुसरा प्रोग्रॅम वाचणार असेल आणि त्याला जेसन लागत असेल, तर आधी पार्स करून बघा, नाही झालं तर परत मागवा. इथे वापरणाऱ्याने "जरा छान परिच्छेदात सांग" म्हटलं तरी त्याचं ऐकून चालत नाही, कारण पलीकडे वाचणारा माणूसच नाहीये. हे काम ब्राउझरसारखं आहे, दरवेळी एकच उत्तर हवं असणारं, आणि ते तशाच यंत्राकडे द्यावं.

आवडीच्या बाबतीत मात्र मी बिनधास्त १९९८ वाल्यांच्या बाजूने आहे. स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून ऐकणारी बाई जर म्हणाली की "टेबल नको, एकेक वाक्यात सांगा", आणि कंपनीच्या सूचनेत "तुलना नेहमी टेबलात द्या" असं लिहिलेलं असलं, तर क्रमवारीत कोण वर आहे हे मला विचारू नका. तिला वाक्यं द्या.